शिफारसपत्राचे तीन भाग

परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी अर्ज करण्याची लगबग साधारणतः दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपत असल्याने या दिवसांत अहिल्यानगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षांत एक विनंती वारंवार ऐकू येते: ‘सर, शिफारसपत्र हवे होते.’ गुणपत्रिका विद्यापीठ देते, इंग्रजीची परीक्षा विद्यार्थी स्वतः देतो, पैशांची तजवीज पालक करतात. शिफारसपत्र हा अर्जातील एकमेव कागद असा, की जो विद्यार्थी आणि पालक या दोघांच्याही हातात नसतो. आणि बहुधा हाच कागद सर्वांत घाईने तयार होतो.

घाईने लिहिलेले पत्र कसे असते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. सदर विद्यार्थी प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक व विनयशील आहे. त्याची वर्तणूक उत्तम असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा. ही भाषा वस्तुतः शिफारसपत्राची नव्हे, ती शाळा सोडताना मिळणाऱ्या वर्तणुकीच्या दाखल्याची आहे. दाखल्याचे काम एवढेच, की विद्यार्थ्याविषयी तक्रार नाही हे कळावे. शिफारसपत्राचे काम वेगळे आहे. शेकडो अर्जांतून मोजके निवडणाऱ्या समितीला ‘याच विद्यार्थ्याला का घ्यावे’ या प्रश्नाचे उत्तर हवे असते आणि गुणपत्रिकेत नसलेली गोष्ट तिला पत्रातून कळायला हवी असते. दाखल्याच्या भाषेतील पत्र विद्यार्थ्याची निंदा करीत नाही. परंतु ते वाचून समितीच्या हाती काहीच लागत नाही, आणि जागा दुसऱ्याला जाते.

शिफारस करणाऱ्याचे नाव आणि वजन

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक शिफारस या संदर्भात पाहण्यासारखी आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे निघाले, तेव्हा सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली. पुढे बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रकाशित झाला, त्यालाही सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. विद्यार्थ्याच्या कामाची शिक्षकाला किती जवळून माहिती होती, हे यावरून दिसते.

अशा शिफारशीत दोन गोष्टी एकत्र येतात. लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याचे काम जवळून पाहिलेले असते आणि वाचणारा लिहिणाऱ्याला ओळखत असतो. यांपैकी पहिली गोष्ट संगमनेरच्या किंवा श्रीरामपूरच्या प्राध्यापकाकडेही असते. दुसरी मात्र नसते. लंडन वा बोस्टनमधील वाचकाला त्या प्राध्यापकाचे नाव अपरिचित असते, महाविद्यालयाचेही असते. नावाने जे काम आपोआप झाले असते, ते येथे पत्राला स्वतःच करावे लागते. प्रारंभ, उदाहरणांसह गुणवर्णन आणि समारोप या तीन भागांची रूढ मांडणी त्यासाठीच आहे. प्रारंभातून कळते की बोलणारा कोण आणि त्याने काय पाहिले. मधल्या भागात ते पाहिलेले समोर ठेवले जाते. समारोपात त्याचे मोल सांगितले जाते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊन हे पत्र भागाभागाने उभे करून पाहू. जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.कॉम. करणारी एक विद्यार्थिनी आहे, तिला कु. अबक म्हणू. तिला परदेशात वित्त विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावयाची आहे. तिच्या प्रकल्पाचे मार्गदर्शक असलेले प्राध्यापक पत्र लिहीत आहेत. प्रकल्पाचा विषय आहे नेप्ती उपबाजारातील कांद्याच्या लिलावाचे दर. प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत जाईल. येथे त्याचा आशय मराठीत देत आहोत.

प्रारंभ: कोण बोलत आहे?

पहिला परिच्छेद चार-पाच वाक्यांहून मोठा नसावा. त्यात चार गोष्टी याव्यात: कोणासाठी व कोणत्या अभ्यासक्रमासाठी शिफारस आहे, लिहिणाऱ्याचे पद काय, ओळख किती काळाची व कोणत्या नात्याने, आणि शिफारशीचे एका वाक्यातील सार.

‘कु. अबक यांनी आपल्या वित्त विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी केलेल्या अर्जास माझी शिफारस आहे. मी या महाविद्यालयात १८ वर्षे वाणिज्य शिकवीत आहे. कु. अबक यांना मी दोन वर्षे ओळखतो. त्यांना मी प्रगत लेखाशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय शिकविले असून त्यांच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा मी मार्गदर्शक आहे. आकडे मिळाल्यावर त्यांवर विसंबण्यापूर्वी ते तपासून पाहण्याची त्यांची सवय मी शिकविलेल्या विद्यार्थ्यांत क्वचितच पाहिली आहे.’

येथे ‘ओळखतो’ हे एकटे क्रियापद पुरेसे झाले नसते. वर्गातील ऐंशींपैकी एक म्हणून ओळखणे आणि प्रकल्पानिमित्त दर आठवड्याला समोर बसवून ओळखणे यांत फार अंतर आहे, आणि वाचणारा नेमके तेच शोधत असतो. म्हणूनच शिफारस कोणाकडून घ्यावी, याचाही निकाल येथेच लागतो. पुष्कळ पालकांचा आग्रह असतो की पत्र प्राचार्यांचे किंवा संस्थेच्या अध्यक्षांचे असावे, शक्य तर आमदारांचे. पद मोठे असले तरी त्यांनी विद्यार्थ्याला काम करताना पाहिलेले नसते. त्यामुळे त्यांच्या पत्राचा मधला भाग रिकामा राहतो. ज्याने प्रकल्पाचे कच्चे लेखन लाल शाईने दुरुस्त केले, असा साधा सहायक प्राध्यापक अधिक उपयोगी पडतो.

शेवटचे सारवाक्यही महत्त्वाचे आहे. पुढे ज्या गुणाचे उदाहरण द्यावयाचे आहे, तोच गुण येथे सांगावा. प्रारंभी ‘नेतृत्वगुण’ म्हणावे आणि पुढे हिशेबातील बारकाव्याचे उदाहरण द्यावे, असे झाले की पत्र दोन हातांनी लिहिल्यासारखे वाटते.

मधला भाग: गुण आणि त्याचा प्रसंग

पत्राचा निम्म्याहून अधिक भाग येथे खर्ची पडावा. गुण दोनच घ्यावेत, फार तर तीन. दहा गुणांची यादी दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक विशेषण येते आणि समितीला एकही लक्षात राहत नाही. दोन घेतले तर प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद देता येतो. परिच्छेदाचा क्रम साधा आहे: गुण एका वाक्यात, मग तो दिसला तो प्रसंग, विद्यार्थ्याने नेमके काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले.

कु. अबक यांचा पहिला गुण प्रामाणिकपणा, असे प्राध्यापकांना वाटते. ‘कु. अबक अत्यंत प्रामाणिक व अभ्यासू आहेत’ असे त्यांनी लिहिले, तर ते वाक्य कोणत्याही विद्यार्थ्याच्या पत्रात जसेच्या तसे बसेल. कोणालाही लागू पडणारे वाक्य कोणाचीच शिफारस करीत नाही. आता तोच गुण प्रसंगातून पाहू.

‘प्रकल्पासाठी कु. अबक यांनी आठ आठवडे बाजारातील लिलावाच्या दिवशी जाऊन शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांवरून दर व वजने नोंदविली. पहिल्या तीन आठवड्यांचा तक्ता मी मान्य केला होता. त्यानंतर त्या स्वतःहून आल्या आणि तक्ता चुकला असल्याचे त्यांनी सांगितले. त्यांनी प्रत्येक मालाच्या दराची साधी सरासरी काढली होती. एका दिवशी १० क्विंटल माल २४०० रुपयांनी, ४० क्विंटल १५०० रुपयांनी आणि ५० क्विंटल १२०० रुपयांनी गेला होता. साध्या सरासरीने दर १७०० रुपये दिसत होता. परंतु वजन लक्षात घेतले तर १०० क्विंटलचे १,४४,००० रुपये झाले, म्हणजे क्विंटलला १४४० रुपयेच. थोड्या उत्तम मालामुळे साऱ्या बाजाराचे चित्र फुगत होते. त्यांनी तिन्ही आठवड्यांचे तक्ते पुन्हा केले आणि अहवालात आधीची पद्धत का सोडली, तेही लिहिले.’

या परिच्छेदात ‘प्रामाणिक’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी वाचणाऱ्याला तो गुण दिसतो. शिवाय विद्यार्थिनीला भारित सरासरी कळते, ती प्रत्यक्ष जाऊन माहिती गोळा करते आणि मान्य झालेले कामही पुन्हा उघडण्याचे धैर्य तिच्यात आहे, हे सारे न सांगता कळते. आकडे येथे शोभेसाठी आलेले नाहीत. १७०० आणि १४४० यांतील फरक पाहून वित्त विषयाच्या प्राध्यापकाला दुरुस्तीचे मोल तत्काळ समजते. आणखी एक गोष्ट अशी, की हा प्रसंग केवळ हे प्राध्यापकच सांगू शकतात. लिहिलेला प्रसंग गुणपत्रिकेतून किंवा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निवेदनातून कळण्यासारखा असेल, तर तो शिफारसपत्रात पुन्हा देऊन काही साधत नाही.

दुसरा गुण पहिल्यापेक्षा वेगळ्या बाजूचा असावा. पहिला बुद्धीचा असेल, तर दुसरा माणसांशी वागण्याचा किंवा टीका पचविण्याचा घ्यावा.

‘अहवालाचा पहिला मसुदा ४१ पानांचा होता. त्यातील निम्मा भाग बाजार समित्यांच्या सामान्य माहितीचा असल्याने मी तो परत केला. दहा दिवसांनी १८ पानांचा नवा मसुदा आला. त्यात प्रत्येक तक्त्याखाली त्याचा निष्कर्ष एका वाक्यात होता. इंग्रजी बोलताना प्रारंभी त्या संकोचत. म्हणून अंतिम सादरीकरणापूर्वी त्यांनी तीन वेळा कनिष्ठ वर्गासमोर सराव केला, आणि परीक्षकांच्या प्रश्नांना त्यांनी टिपण न पाहता उत्तरे दिली.’

येथे इंग्रजीतील संकोचाचा उल्लेख आला आहे. पालकांना तो खटकेल. परंतु एखादी खरी, मर्यादित उणीव आणि ती दूर करण्यासाठी केलेला प्रयत्न सांगितला, तर उरलेल्या पत्रावरचा विश्वास वाढतो. उणीव मात्र अभ्यासक्रमाच्या मुळावर येणारी नसावी. वित्त विषयाच्या अर्जदाराला आकडेमोडीचा कंटाळा आहे असे लिहावे लागत असेल, तर प्राध्यापकांनी पत्र देण्यास नम्रपणे नकार देणेच दोघांच्या हिताचे.

या भागात काय येऊ नये, हेही सांगितले पाहिजे. वडिलांचा व्यवसाय, घराण्याची प्रतिष्ठा, जात, धर्म, विवाह यांचा गुणवत्तेशी संबंध नाही. आपल्याकडे सौजन्य म्हणून ते लिहिले जाते, तेथे ते अनुचित ठरते. विशेषणांच्या भडिमाराबाबत कोणी जॉन नॅश यांचे उदाहरण देतील. १९४८ मध्ये त्यांचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला पाठविलेले पत्र अवघ्या काही ओळींचे होते. त्यात त्यांनी नॅश हे गणितातील अलौकिक बुद्धीचे आहेत, एवढेच सांगून टाकले; आणि नॅश यांना पुढे १९९४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र असा शब्द क्वचितच वापरणाऱ्यानेच तो वापरावा. जो शिक्षक दरवर्षी पाच विद्यार्थ्यांना अलौकिक म्हणतो, त्याचा शब्द सहाव्याच्या उपयोगी पडत नाही. एकाच महाविद्यालयातून येणारी पत्रे विद्यापीठांकडे वर्षानुवर्षे जात असतात. फुगवलेल्या पत्राची किंमत पुष्कळदा त्यानंतर अर्ज करणाऱ्या मुलामुलींना मोजावी लागते.

समारोप: किती जोराने?

शेवटच्या परिच्छेदात नवा गुण आणू नये. त्यात तुलना, शिफारशीची तीव्रता आणि संपर्क या तीन गोष्टी असाव्यात.

तुलनेला आधार लागतो. ‘उत्तम विद्यार्थिनी’ यापेक्षा ‘गेल्या पाच वर्षांत मी मार्गदर्शन केलेल्या सुमारे ६० प्रकल्प-विद्यार्थ्यांत पहिल्या तिघांत’ हे वाक्य कितीतरी अधिक सांगते. आपल्याकडील टक्केवारीचा अर्थ परदेशी वाचकाला लागतोच असे नाही. ६८ टक्के हे तेथे सामान्य वाटू शकतात. तेव्हा वर्गातील क्रमांक सांगणे इष्ट. अनेक विद्यापीठे पत्रासोबत एक तक्ताही भरून घेतात: विद्यार्थी पहिल्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत बसतो, अशा खुणा त्यात करावयाच्या असतात. तक्त्यात सर्वत्र सर्वोच्च खूण आणि पत्रात मात्र सामान्य मजकूर, किंवा याउलट, अशी विसंगती तत्काळ लक्षात येते.

शिफारशीच्या तीव्रतेलाही पायऱ्या आहेत. नुसती ‘शिफारस’ हा या भाषेत थंड शब्द समजला जातो. ‘जोरदार शिफारस’ त्याच्या वर, आणि ‘कोणत्याही अटीविना शिफारस’ सर्वांत वर. मधल्या भागातील प्रसंग जेवढे बोलतात, तेवढ्याच तोलाचा शब्द येथे निवडावा.

‘माझ्या मार्गदर्शनाखालील सुमारे ६० विद्यार्थ्यांत कु. अबक या पहिल्या तिघांत आहेत. आकड्यांची शिस्त आणि चूक मान्य करण्याची वृत्ती यांमुळे आपल्या अभ्यासक्रमात त्या चांगले काम करतील, असे मला वाटते. मी त्यांची जोरदार शिफारस करतो. अधिक माहिती हवी असल्यास कृपया खालील पत्त्यावर संपर्क साधावा.’

त्याखाली स्वाक्षरी, पूर्ण नाव, पद, दिनांक, दूरध्वनी आणि महाविद्यालयाचा ई-मेल पत्ता. खाजगी ई-मेल पत्त्यावरून आलेली पत्रे काही विद्यापीठे पडताळून पाहतात किंवा स्वीकारीत नाहीत. म्हणून संस्थेच्या पत्त्याची सोय आधीच करून घ्यावी. सारे पत्र लेटरहेडवर एक पान, फार तर दीड पान भरावे.

आपल्या जिल्ह्यापुरती एक विशेष दक्षता आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. त्यामुळे विद्यार्थ्याच्या जुन्या गुणपत्रिकेवर व पारपत्रावर एक नाव, तर महाविद्यालयाच्या नव्या लेटरहेडवर दुसरे, असे आता वारंवार घडेल. आपल्याला त्यात वावगे काही दिसत नाही, परंतु परदेशी कारकुनाला ती दोन वेगळी शहरे वाटू शकतात. पत्त्यात ‘अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर’ एवढे लिहिले की शंका राहत नाही. पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामकरण झाले. जुन्या पदव्यांबाबत तीच काळजी घ्यावी.

पत्र लिहावे कोणी?

‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ ही प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. तिच्यामागे शिक्षकाचा आळस असतोच असे नाही. चाळीस विद्यार्थी, परीक्षांची कामे आणि इंग्रजी पत्रलेखनाचा संकोच हीही कारणे असतात. पण अशी पत्रे ओळखू येतात. दोन वेगळ्या प्राध्यापकांच्या पत्रांत तेच शब्दप्रयोग येतात. विद्यार्थ्याच्या निवेदनातील वाक्ये ‘मी’च्या जागी ‘ती’ घालून अवतरतात. शिक्षकाला कळणे शक्य नाही अशा घरगुती गोष्टी पत्रात येतात. पत्र शिक्षकाचे नाही असे सिद्ध झाले, तर अर्ज रद्द होऊ शकतो. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्यामुळे प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. म्हणून अर्जातच त्याला विचारतात, की शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तो सोडतो काय. बहुतेक विद्यार्थी तो सोडतात, कारण विद्यार्थ्याने न पाहिलेले पत्र अधिक मोकळे मानले जाते. जे पत्र विद्यार्थ्यानेच लिहिले आहे, त्याबाबत ‘पाहण्याचा हक्क सोडला’ अशी खूण करणे म्हणजे खोटे निवेदन.

यावर मार्ग असा, की विद्यार्थ्याने पत्र लिहू नये, पत्रासाठी लागणारी सामग्री द्यावी. मुदतीपूर्वी किमान पाच-सहा आठवडे प्राध्यापकांना भेटावे आणि एका कागदावर पुढील गोष्टी द्याव्यात: विद्यापीठांची व अभ्यासक्रमांची नावे आणि प्रत्येकाची अंतिम तारीख, त्या प्राध्यापकांकडे शिकलेले विषय, वर्ष व मिळालेले गुण, प्रकल्पाचे शीर्षक आणि त्याची प्रत, आणि त्यांच्या समक्ष घडलेले तीन-चार प्रसंग, प्रत्येकी दोन ओळींत, विशेषणांविना. ‘तिसऱ्या आठवड्यानंतर सरासरीची पद्धत बदलली, तक्ते पुन्हा केले’ एवढी ओळ पुरे. वाचताच प्राध्यापकांना तो दिवस आठवतो, आणि त्यावर आपले मत ते आपल्या शब्दांत देऊ शकतात. दोन प्राध्यापकांकडून पत्रे घ्यावयाची असतील, तर दोघांना वेगळे प्रसंग द्यावेत, म्हणजे एकाच गोष्टीची पुनरावृत्ती होत नाही. मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा विनम्र आठवण करावी. पत्र ऑनलाइन दुव्यावरून जात असल्यास तो दुवा प्राध्यापकांच्या ई-मेलमध्ये नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात तर गेला नाही ना, हेही विचारून घ्यावे.

समाजातील विश्वस्त संस्थांच्या शिष्यवृत्त्यांसाठी मागितल्या जाणाऱ्या पत्रांनाही हीच मांडणी चालते. फक्त तेथे समितीला विद्यार्थ्याच्या आर्थिक गरजेची माहिती हवी असते, आणि ती शिक्षकाच्या पत्रात नव्हे, उत्पन्नाच्या दाखल्यात द्यावयाची असते. शिक्षकाच्या पत्रात शिक्षकाने पाहिलेले तेवढेच असावे.